गुणपत्रकातली सहावी ओळ

गुरुदास कुबलला गावात कोटेशन म्हणत. तोंडावर नाही, पण तो वळणावरून दिसेनासा व्हायच्या आधी. मुंबईत पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात त्याची उमर गेली. तीन ठिकाणचे दर घेतल्याशिवाय त्याने कधी खिळाही विकत घेतला नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा त्याने तीन स्थळं पाहिली, तिन्हींची टिपणं केली आणि मग भक्तीला होकार कळवला. आपण पहिल्या आलो होतो की उरलेल्या दोघींनी माघार घेतली, हे भक्तीला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने सांगितलं नाही, कारण निवड झाल्यावर गुण उघड करायची त्या कंपनीत पद्धत नव्हती.

नोकरीत असताना एकदा त्याने कंपनीचं कँटीन स्वतः चालवावं की बाहेरून जेवण घ्यावं याचा हिशेब मांडला. बाहेरून घेणं स्वस्त निघालं. कँटीन बंद झालं. पुढे वरच्या कुणीतरी तोच हिशेब खरेदी खात्याचा मांडला. उत्तर तेच आलं. गुरुदास स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी परतला. त्या हिशेबाबद्दल त्याची तक्रार नव्हती. तो कागद त्याने मागून घेऊन तपासला होता आणि त्यात चूक सापडली नव्हती.

मालवणच्या दक्षिणेला आमचं बंदर आहे. बंदर म्हणजे एक जेटी, चाळीसेक होड्या, पाच ट्रॉलर आणि मच्छीमार सहकारी संस्थेचा बर्फाचा कारखाना. संस्थेला चिटणीस हवा होता आणि गुरुदासला टेबल हवं होतं. चेअरमन जितेंद्र सारंगने त्याला बोलावून चावी दिली. जितेंद्रचे स्वतःचे दोन ट्रॉलर होते आणि कागद वाचायचा त्याला मनापासून कंटाळा होता.

घरी गुरुदासची आई होती, हौसाबाई. ऐंशी उलटलेली, खाटेला लागलेली, जीभ मात्र चालती. तिची एकच मागणी होती आणि ती सगळ्या वाडीला ठाऊक होती. तिचा नवरा गेला तेव्हा गुरुदास आणि धाकटा सुदेश दोघेही मुंबईत होते. तार पोचून गाडी मिळून मुलगे उंबऱ्यावर येईपर्यंत राखही निवली होती. तेव्हा गावात बर्फ नव्हता. कारखाना त्यानंतर झाला. कारखाना झाल्यापासून म्हातारीला एक भरवसा मिळाला होता.

"बापूस तुमच्यासाठी रवलो नाय," ती म्हणायची. "माका रवचा आसा. सुदेश येयसर माका बर्फात ठेवा. तेना माझा तोंड बघल्याशिवाय माका उचलूचा नाय."

सुदेश अजून मुंबईतच होता. रात्रीच्या गाडीने बारा तास, पावसात दरड कोसळली तर देव जाणे.

म्हातारीचा भरवसा हवेतला नव्हता. आमच्या बंदरावर एक रीत होती. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि मुंबईचे पोचायचे असले, की कारखान्यातून दोन लाद्या यायच्या. कुणी मागायला जात नसे. रडण्याचा आवाज जेटीपर्यंत पोचला की ऑपरेटर गणपत टाकीतून दोन लाद्या काढायचा, गोणपाटात गुंडाळायचा आणि हातगाडीवर घालायचा. पैसे कुणी देत नसे, घेत नसे. बारावं झालं की त्या घरातून गोणपाट धुऊन परत यायचं आणि त्यात एक नारळ असायचा. बस. वहीत नोंद नाही. मेलेल्याच्या नावाने बिल कसं फाडणार?

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात कारखान्याचा कॉम्प्रेसर बसला. बसला म्हणजे तो आधी तीन वर्षं बसायचं बघत होता. त्यात विजेची बोंब. दिवसाला कित्येक तास दिवे जायचे, टाकीतलं खारं पाणी कोमट व्हायचं आणि लाद्या आतून पोकळ निघायच्या. गणपतही त्याच वर्षी वयाने सुटत होता. सभेत जितेंद्रने विचारलं, नवीन कॉम्प्रेसर घेऊया की बर्फच बाहेरून विकत घेऊया?

"हे असं हात वर करून ठरत नाही," गुरुदास म्हणाला. सभेत तो नेहमी शुद्ध बोलायचा. "करावं की घ्यावं, याचा हिशेब मांडावा लागतो."

हिशेब त्याने आठवडाभर मांडला आणि तो खरोखर नीट होता. जुन्या कारखान्यावर पूर्वी घातलेले पैसे त्याने धरले नाहीत. ते गेलेले, काहीही ठरवलं तरी परत येणार नाहीत. राखणदाराचा पगार आणि जागेची पट्टी दोन्ही बाजूंनी वगळली, कारण कारखाना चालला काय, बंद पडला काय, जेटीला राखणदार लागणारच. नवीन कॉम्प्रेसरची किंमत व्याजासकट दहा वर्षांवर पसरली. वीज, जनरेटरचं डिझेल, अमोनिया, मीठ, माणसं, सगळं टनावर आणलं. विकतच्या बर्फात वाहतूक धरली आणि वाटेत वितळणारं वजनही धरलं, म्हणजे दर कारखान्याच्या दारातला नाही, जेटीवरच्या काट्यावरचा. घरचा टन साडेआठशेला पडत होता. विकतचा साडेसातशेच्या आसपास मिळेल असा अंदाज होता. शिवाय पावसाळ्याच्या बंदीत, जून-जुलैत, होड्या वर ओढलेल्या असताना घरचा कारखाना नुसता बसून खातो. विकतच्या बर्फाला ती भानगड नाही. ऑगस्ट ते मे करार करायचा, मध्ये सुट्टी.

हिशेबाच्या शेवटी एक टीप होती. वर्षभर बनलेला बर्फ आणि विकलेला बर्फ यांत थोडा फरक येत होता. तो कुठे जातो हे गुरुदासला माहीत होतं. पण किती जातो याचा कागद नव्हता. त्याने लिहिलं, 'अनोंदित वापर – नगण्य.'

हे हौसाबाईच्या कानावर भक्तीने घातलं. नवऱ्याशी जे बोलायचं ते सासूमार्फत बोलायची तिची पद्धत होती.

"रे गुरग्या, कारखानो बंद करतंस?"

"बंद नाय गो आये. बर्फ कसालसून येतलो नायतर शिरोड्यासून. जो बरो तेचो."

"आणि माझी लादी?"

"तीव येतली."

"खंयसून?"

"ज्याका काम मिळतला तो देतलो. माणूसच मां तो."

हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि भक्तीने चुलीपासून मान वर करून पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात 'माणूसच मां तो' या आधारावर गुरुदासने काही घेतलेलं तिने पाहिलं नव्हतं. रद्दीवालासुद्धा नाही.

सभेने विकत घ्यायचं ठरवलं. गुरुदासने निविदा तयार केली. दोन लिफाफे: एकात लायकी, दुसऱ्यात दर. लायकीला सत्तर गुण, दराला तीस. लायकीच्या पाच ओळी होत्या. रोज किती टन देऊ शकता याला वीस, स्वतःच्या जनरेटरला पंधरा, जेटीपासूनच्या अंतराला पंधरा, बंद गाडीला दहा, पाण्याच्या तपासणी अहवालाला दहा. सत्तरांत बेचाळीस न मिळाले तर दराचा लिफाफा न उघडता परत. जे लिहून दिलं नाही त्याला शून्य. हे सगळं लिफाफे येण्याआधी छापलेलं होतं, म्हणजे नंतर कुणाकडे बघून कुणी वजन बदलायला नको.

लिफाफे भरण्यापूर्वी इच्छुकांची एक सभा घेतात, शंका विचारायला. ती संस्थेच्या ऑफिसात झाली. तपासणी समितीत तिघं होती: जितेंद्र, गुरुदास आणि मासळी विकणाऱ्या बायकांच्या वतीने सुभद्रा तोडणकर. शंका विचारायला आलेल्यांनी एकही विचारली नाही, त्यांनी फक्त चहा घेतला. शंका सुभद्रेने विचारली.

"मड्याक बर्फ कोण देतलो?"

कसालच्या कारखान्याचा मॅनेजर कपात बघू लागला.

"सुभद्राताई, ते निविदेत येत नाही," गुरुदास म्हणाला. "वर्षाला किती लागतो ते लेखी द्या, मग घालता येईल."

"माणसां मरतली किती, ता लिहून देव? आधी नावां घालू काय? पयलां तुझा घालतंय."

हसू फुटलं. हसण्यात जितेंद्रही होता. पण गुरुदास गंभीर होता आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जे मोजता येत नाही ते करारात घातलं की पुरवठादार घाबरून दर वाढवतो. आणि जी गोष्ट इतकी वर्षं फुकट चालली ती कागदावर आणून तिचं काम करायचं कशाला? अजूनही लिफाफे यायचे होते. सगळ्या इच्छुकांना एक शुद्धिपत्रक पाठवलं असतं तर ती ओळ घालता आली असती. त्याने पाठवलं नाही.

तिघांच्या निविदा आल्या. कसालचा कारखाना हमरस्त्यावरचा, मोठा, जनरेटर दोन. शिरोड्याचा मध्यम, आणि लांब. तिसरा बाबली चोपडेकर, पलीकडच्या खाडीवरचा. त्याचा कारखाना म्हणजे माडाच्या बागेत एक पत्र्याची शेड आणि दोन टाक्या. जनरेटर नाही. गाडी म्हणजे ताडपत्री टाकलेला टेम्पो. अंतरात त्याला पंधरापैकी पंधरा पडले, कारण वाऱ्याची दिशा बरी असली तर त्याच्या कॉम्प्रेसरची धडधड आमच्या जेटीवर ऐकू यायची. एकूण छत्तीस. बेचाळीसच्या खाली. दराचा लिफाफा जसाच्या तसा त्याच्या हातात परत गेला.

"उघडून तरी बघा," बाबली म्हणाला. "आत काय आसा ता माका तरी कळांदे. माझ्या झिलान लिवल्यान हा."

"नियमाप्रमाणे उघडता येत नाही," गुरुदास म्हणाला.

उरलेल्या दोघांत दर कमी शिरोड्याचा होता. सातशे वीस. कसालचा सातशे साठ. कमी दराला तीसपैकी तीस, आणि दुसऱ्याला त्याच प्रमाणात, सातशे वीस भागिले सातशे साठ गुणिले तीस, म्हणजे अठ्ठावीस पॉइंट बेचाळीस. पण लायकीत कसालला त्रेसष्ट होते आणि शिरोड्याला चव्वेचाळीस. कसाल एक्याण्णववर, शिरोडा चौऱ्याहत्तरवर. चाळीस रुपयांनी महाग असलेला पहिला आला. हे सुभद्रेला समजावून सांगायला गुरुदासला एक दुपार लागली. तिला समजलं. पटलं नाही, हे वेगळं.

त्या वर्षी बर्फ चांगला आला, हे मान्य करायला हवं. लाद्या भरीव, गाडी वेळेवर. वाडीत हिवाळ्यात एक म्हातारा गेला. त्याचे मुलगे गावातच होते, बर्फाची गरज पडली नाही. फाल्गुनात एक बाई गेली. गुरुदासने तेव्हा कसालला फोन केला आणि मॅनेजरने रोजच्या गाडीत दोन लाद्या जादा टाकल्या. पुढच्या बिलात त्या दिसल्या. गुरुदासने त्या स्वतःच्या खिशातून भरल्या आणि कुणाला सांगितलं नाही. आपण म्हटलं होतं तसंच झालं, माणूसच तो, असं त्याने आईला सांगितलं. खिशातला भाग वगळून.

पुढच्या जूनमध्ये नव्या वर्षाची निविदा निघाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, निविदांची मुदत अजून संपायची होती, तेव्हा हौसाबाई गेली. सकाळी पेज प्यायली, भक्तीला म्हणाली, मीठ कमी पडला, आणि भिंतीकडे तोंड वळवलं ते परत वळलं नाही.

पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. सुदेशला फोन लागला. रत्नागिरीच्या अलीकडे रुळावर दरड आली होती, गाड्या बंद. तो कोल्हापुरावरून घाटाने येणार होता, म्हणजे उद्या दुपार. नशीब चांगलं असलं तर.

गुरुदासने कसालला फोन लावला. मॅनेजरने आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, "साहेब, करार एकतीस मेला संपला. आणि आमचा प्लांट आत्ता उघडून ठेवलाय. पावसाळ्यात वार्षिक दुरुस्ती. तुमच्याच निविदेत आम्ही लिहून दिलं होतं."

दिलं होतं. बंदीच्या काळात दुरुस्ती करतात, म्हणजे हंगामात बंद पडत नाहीत, म्हणून गुरुदासने पहिल्या ओळीत वीसपैकी वीस घातले होते. त्याला ते आठवलं. त्याने मॅनेजरचे आभार मानले.

शिरोड्याच्या माणसाने सांगितलं की रस्त्यावर झाडं पडलीत, पण बघतो. आणि विचारलं, "किती टन?"

"दोन लाद्या," गुरुदास म्हणाला.

पलीकडून बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला.

तिसरा नंबर त्याला पाठ होता. त्याने फोनवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. बाबलीने त्या आठवड्यातच नव्या निविदेचा फॉर्म नेला होता. निविदा चालू असताना तपासणी समितीच्या माणसाने भाग घेणाऱ्याकडून काहीही मागायचं नसतं, चहासुद्धा नाही. हा नियम संस्थेत त्यानेच आणला होता. मुंबईची नोकरी धरून तीस वर्षांत त्याने तो मोडला नव्हता आणि आईच्या मरणाने तो मोडावा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. भक्ती दाराशी उभी होती. ती पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलली, कारण मध्ये बोलायला सासू उरली नव्हती.

"लावतास काय मी लाव?"

फोनवरचा हात तसाच. खाटेवर म्हातारीचं तोंड अजून भिंतीकडे होतं.

मग बाहेर चिखलात टेम्पो रुतल्याचा आवाज आला. कुणी कळवलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित कुणीच नाही. पलीकडच्या खाडीवर आमचं रडणं जात असेल, जशी त्याची धडधड आमच्याकडे यायची. ताडपत्रीखाली दोन लाद्या होत्या, गोणपाटात गुंडाळलेल्या, भुशात बसवलेल्या. खाडीतल्या मासळीसाठी बाबली पावसातही एक टाकी चालू ठेवत असे.

गुरुदास दारात उभा राहिला.

"बाबली, टेंडर चालू आहे," तो म्हणाला.

बाबलीच्या केसांतून पाणी गळत होतं. त्याने गुरुदासकडे पाहिलं, मग आत खाटेकडे.

"तुझ्या आवशीन भरल्यान काय टेंडर?"

सुभद्रा तोवर छत्री टाकून आली होती. तिने गुरुदासला खांद्याने बाजूला केलं. "बाजूक हो रे. म्हातारी तुझ्या सहीसाठी रवली नाय ती." मग तिने आणि बाबलीने मिळून लादी आत घेतली.

सुदेश दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पोचला, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला. त्याने आईचं तोंड पाहिलं. तोंड थंड होतं, पण तोंड होतं. दोन्ही मुलांनी तिला उचललं. एवढंच तिला हवं होतं आणि ते तिला, कुठल्याही ओळीत न बसता, मिळालं.

बारावं झालं. भक्तीने गोणपाट धुऊन वाळवलं, घडी घातली आणि आत नारळ ठेवला.

"पाठव," ती म्हणाली.

"आता नाय. निकाल लागल्यार."

"नारळ आसा तो. लाच नाय."

"ह्या वेळाक नारळसुद्धा," गुरुदास म्हणाला. मग त्याने ते गोणपाट कपाटावर ठेवलं.

ऑफिसात जाऊन पहिलं काम त्याने शुद्धिपत्रकाचं केलं. ज्यांनी ज्यांनी फॉर्म नेला होता त्या सगळ्यांना सारखंच. मुदत आठ दिवसांनी वाढवली. गुणपत्रकात सहावी ओळ आली: 'मयताच्या घरी दोन लाद्या, विनामूल्य, बारमाही. देणार असल्यास होय लिहावे. यापूर्वी दिल्या असल्यास तपशील द्यावा.' गुण पाच. एकूण सत्तरच राहावे म्हणून बंद गाडीचे दहावरून पाच केले. ते टंकताना तो जागेवरून एकदाही उठला नाही असं शिपाई सांगायचा. त्याच्या दृष्टीने ते आईचं श्राद्ध होतं आणि नियमाप्रमाणे होत होतं.

या खेपेला शिरोडा आला नाही. लिफाफे दोनच. जुलैच्या शेवटी समिती बसली. कसालने सहाव्या ओळीत सुंदर अक्षरात लिहिलं होतं, होय, संस्थेच्या मागणीपत्रानुसार, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडल्यास. पाच गुण. गुरुदासने ते वाचून एक क्षण डोळे मिटले, पण होय म्हणजे होय.

मग बाबलीचं. टनांना सहा. जनरेटर त्याने जुना का होईना घेतला होता, दहा. अंतर पंधरा. टेम्पोला पाचपैकी दोन. पाण्याचा अहवाल वर्षापूर्वीचा, म्हणून अर्धे, पाच. झाले अडतीस. बेचाळीसला चार कमी. आणि सहावी ओळ कोरी.

कोरं म्हणजे शून्य, हे पहिल्या पानावर ठळक छापलेलं होतं.

"तेना लिवक नाय," जितेंद्र म्हणाला. "आता काय करतलंस?"

एक वाट होती. जे आधीच घडलेलं आहे त्याबद्दल भाग घेणाऱ्याकडून खुलासा मागता येतो. नवीन कबुली घेता येत नाही, दर बदलता येत नाही, पण घडलेलं विचारता येतं. गुरुदासने पत्र लिहिलं: 'सहाव्या ओळीत आपण काहीही नमूद केलेले नाही. आपण यापूर्वी अशा लाद्या दिल्या आहेत किंवा कसे, याचा खुलासा उलट टपाली करावा.' शिपायाने सायकलने नेलं आणि तासाभरात परत आला.

"काय म्हणालो?" जितेंद्रने विचारलं.

शिपायाने पायाकडे पाहिलं. "साहेब, तो म्हणालो... आवशीक इचार."

जितेंद्रला हसू आवरेना. सुभद्रा हसली नाही. गुरुदासने चष्मा काढला, पुसला, परत घातला. कार्यवृत्तात काय लिहावं याचा तो विचार करत असावा. लेखी खुलासा आला नाही, असं लिहिलं तर ते खरं होतं. मग तो उठला.

"मी या पुरवठादाराकडून लाभ घेतला आहे," तो म्हणाला. "माझ्या घरात त्याच्या लाद्या आल्या. मला या ओळीवर गुण देता येणार नाहीत. कोरम दोघांचा आहे. तुम्ही ठरवा."

तो बाहेर व्हरांड्यात बाकावर जाऊन बसला. ऑफिसची खिडकी उघडी होती, पण पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की आतलं काही ऐकू येईना. जन्मात पहिल्यांदा त्याला एका ओळीत विशिष्ट आकडा यावा असं वाटत होतं आणि जन्मात पहिल्यांदाच तो त्या खोलीत नव्हता. दोन्ही गोष्टी त्याच्याच नियमांनी घडवल्या होत्या.

बऱ्याच वेळाने सुभद्रा बाहेर आली. पदराने बोटांवरची शाई पुसत होती.

"पाच घातलंव," ती म्हणाली. "जितू म्हणा होतो शून्य. मगे मी तुझोच कागद तेका वाचून दाखवलंय. जंय कागद नाय, थंय सदस्यान प्रत्यक्ष बघितल्यार चलता. मी बघितलंय. एका बाजून लादी मीच धरललंय."

ही तरतूद गुरुदासने जनरेटरसाठी घातली होती.

"तू आत असतंस तर काय घातलं असतंस?"

"शून्य," तो म्हणाला.

"माका म्हायत होता. म्हणान तू भायर गेलंस तेवा हायसा वाटला."

त्रेचाळीस झाले. बाबलीचा दराचा लिफाफा पहिल्यांदा उघडला गेला. आत मुलाच्या अक्षरात सातशे पस्तीस लिहिलं होतं. कसालपेक्षा पंचेचाळीसने स्वस्त, म्हणून दराचे तीसच्या तीस. एकूण त्र्याहत्तर. कसाल, महाग असूनही, एक्याण्णव. काम कसालला गेलं. सहाव्या ओळीचे पाच गुण दोघांनाही सारखेच पडले होते, तेव्हा त्या ओळीने क्रम काही बदलला नाही. तिच्यामुळे बाबली अपात्र ठरला नाही, इतकंच. तो रीतसर दुसरा आला, दोघांत.

न निवडलेल्यांना पत्र टपालाने जातं. 'आपल्या सहभागाबद्दल संस्था आभारी आहे.' हे पत्र गुरुदासने टपालात टाकलं नाही. कराराची सही झाल्यावर त्याने घरी येऊन कपाटावरचं गोणपाट काढलं, नारळ आत आहे ना ते चाचपून पाहिलं, आणि तरीच्या होडीत बसून पलीकडच्या खाडीवर गेला.

बाबली टाकीच्या कडेला उभा राहून साचा वर ओढत होता. गुरुदासने पत्र पुढे केलं. बाबलीने ते न उघडता खिशात घातलं. गोणपाट मात्र त्याने दोन्ही हातांनी घेतलं, उघडलं, नारळ कानाशी हलवून पाणी बघितलं.

"उशीर केलंस."

"निकाल लागाचो होतो."

"इचारलंस मगे आवशीक?"

गुरुदास टाकीकडे बघत राहिला. खाऱ्या पाण्यात साचे एका रांगेत बुडालेले होते आणि त्यांत लाद्या हळूहळू बाहेरून आत गोठत होत्या.

"इचारलंय."

"काय म्हणता ती?"

"थंड आसंय म्हणता," गुरुदास म्हणाला.

बाबलीने मान हलवली आणि साच्याचं दुसरं टोक धरायला त्याला खुणेने बोलावलं.